पन्हळीच्या काठावरचं घर

प्रश्न: लग्नानंतर बावीस वर्षं मी कोलकात्यात आहे. सासरचं घर विटांचं, तीन मजली, सत्तर वर्षांपूर्वीचं. जवळून मेट्रोचा बोगदा जाणार आहे. नकाशात बोगद्याची मध्यरेषा आमच्या पुढच्या भिंतीपासून ८ मीटरवर दाखवली आहे, म्हणजे बोगदा घराखाली येत नाही. मेट्रोची माणसं भिंतींवर चकत्या चिकटवून गेली आणि 'जमीन १५ ते २० मिमी खचू शकते' असं पत्र देऊन गेली. बहूबाजारमध्ये मेट्रोच्या कामात घरं कोसळली ते पाहिल्यापासून झोप लागत नाही. २० मिमीने घर पडतं का? आणि बोगदा बाजूने जातोय म्हणजे आम्ही सुरक्षित, असं समजायचं का?

उत्तर:

२० मिमीने घर पडत नाही. सबंध घर एकसारखं २० मिमी खाली गेलं तर तुम्हाला ते कळणारही नाही. फार तर रस्त्यातून येणाऱ्या पाण्याच्या नळाला ताण बसेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुम्हाला आवडणार नाही. बोगदा बाजूला आहे म्हणून विटांचं घर आपोआप सुरक्षित होत नाही. बोगद्याच्या बरोबर डोक्यावर असलेल्या घरापेक्षा तुमच्यासारख्या, थोडं बाजूला असलेल्या घराला तडे जाण्याची शक्यता बऱ्याचदा जास्त असते. असं का, ते तुमच्याच घराचे आकडे घेऊन सांगतो. वीस वर्षं भूमिगत मेट्रोच्या कामांवर जमिनीची आणि घरांची मापं घेण्यात गेली आहेत, आणि हा गैरसमज मी दर गल्लीत ऐकला आहे.

मऊ मातीत बोगदा खणताना मशीन जेवढी माती बाहेर काढायची त्यापेक्षा किंचित जास्त काढतं. पुढून माती थोडी आत सरकते, मशीनच्या पोलादी कवचाभोवती ती थोडी दबते, आणि कवचाच्या शेपटीतून काँक्रीटची रिंग बाहेर पडते तेव्हा रिंगभोवती पोकळी राहते. ही सगळी जागा वरची माती खाली येऊन भरते. जास्तीच्या या मातीचं बोगद्याच्या आकारमानाशी जे प्रमाण असतं त्याला आमच्याकडे 'व्हॉल्यूम लॉस' म्हणतात. या विषयात एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. चांगलं चाललेलं बंद तोंडाचं मशीन चिकणमातीत तो १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून खाली ठेवतं.

ही खचणी जमिनीवर खड्ड्यासारखी दिसत नाही. बोगद्याच्या लांबीभर एक उथळ, रुंद पन्हळ तयार होते. आडवा छेद घेतला तर तिचा आकार उलट्या घंटेसारखा असतो: मध्यभागी सगळ्यात खोल, बाजूंना हळूहळू शून्याकडे जाणारा. अमेरिकेचे राल्फ पेक यांनी १९६९ साली मेक्सिकोतल्या परिषदेत बऱ्याच बोगद्यांची मोजमापं एकत्र मांडून दाखवलं की ही पन्हळ संख्याशास्त्रातल्या घंटेच्या वक्राशी चांगली जुळते. आजही पहिला अंदाज त्यावरूनच काढतात.

आता तुमचं घर. मशीनचा कापण्याचा व्यास ६.५ मीटर आणि बोगद्याचा मध्य जमिनीखाली १६ मीटर धरू. तुमच्या पत्रातला आकडा या मापांशी जुळतो, पण खरी मापं त्यांच्याकडून घ्या. बोगद्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ३३ चौरस मीटर. त्याचा १ टक्का, म्हणजे बोगद्याच्या प्रत्येक मीटर लांबीमागे अर्धा घनमीटरही नाही, फक्त ०.३३ घनमीटर माती खाली येते. ती किती रुंदीत पसरते हे खोलीवर आणि मातीवर ठरतं. पन्हळीची रुंदी आम्ही i या अक्षराने मोजतो. चिकणमातीत i साधारण खोलीच्या निम्मा, म्हणजे इथे ८ मीटर. वाळूत तो खोलीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शापर्यंत उतरतो, त्यामुळे वाळूतली पन्हळ अरुंद आणि तेवढीच खोल होते. Vs म्हणजे मीटरमागे खाली येणारी माती, Smax म्हणजे मध्यरेषेवरची खचणी आणि S(x) म्हणजे मध्यरेषेपासून x मीटरवरची. गणित एवढंच:

```
Smax = Vs / (2.5 × i) = 0.33 / (2.5 × 8) = 0.0165 m
S(x) = Smax × e^(−x² / 2i²)
```

मध्यरेषेवर जमीन १६.५ मिमी खचेल. पत्रातले '१५ ते २० मिमी' हे बहुधा असेच आलेत, आणि ते मध्यरेषेवरचे आहेत. तुमच्या पुढच्या भिंतीखाली जमीन १० मिमी खचेल. घराची पुढून मागेपर्यंतची लांबी १२ मीटर धरली तर मागची भिंत मध्यरेषेपासून २० मीटरवर, तिथे खचणी १ मिमीसुद्धा भरत नाही.

म्हणजे पुढची भिंत १० मिमी खाली आणि मागची जवळपास जागच्या जागी. ९ मिमीचा हा फरक १२ मीटरमध्ये विभागला जातो. नुसतं एवढंच असतं तर घर किंचित पुढे झुकलं असतं आणि विटांना फारसं काही झालं नसतं. पण जमीन सरळ रेषेत उतरत नाही, ती वाकते. मध्यरेषेपासून i इतक्या अंतरावर, म्हणजे तुमच्या पुढच्या भिंतीपाशीच, घंटेचा बाक उलटतो. त्याच्या आत जमीन वाटीसारखी आहे, बाहेर ती पालथ्या वाटीसारखी, टेकाडाच्या खांद्यासारखी. तुमचं घर पूर्णपणे त्या खांद्यावर बसलं आहे. खांद्यावर वाकणाऱ्या घराचा माथा फाकतो. वाटीतल्या घराचा माथा दाबला जातो आणि तळ ताणला जातो, पण तळाला पाया आणि मातीची पकड आधार देतात. माथ्याला धरून ठेवणारं काही नसतं.

दुसरी गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही: जमीन फक्त खाली जात नाही, ती बोगद्याकडे ओढलीही जाते. तुमच्या पुढच्या भिंतीखालची जमीन बोगद्याकडे ५ मिमी सरकेल, मागची जेमतेम १ मिमी. म्हणजे घराच्या पायाखालची जमीन १२ मीटरमध्ये ४ मिमी लांब होते. बोगद्याच्या बरोबर वरच्या घराखाली उलट होतं. दोन्ही बाजूंची जमीन मध्याकडे सरकते आणि घर आवळलं जातं. विटांच्या भिंतीला आवळणं सोसतं, ताणणं सोसत नाही. म्हणून मधलं घर १६ मिमी खचून शाबूत राहतं आणि काठावरचं १० मिमी खचूनही तडकू शकतं.

ताण आणि वाकणं एकत्र धरून, घराची उंचीही १२ मीटर मानून हिशेब केला तर तुमच्या भिंतीत कमाल ताण, म्हणजे लांबीच्या मानाने वाढ, सुमारे ०.०४५ टक्के येतो. ब्रिटनमधल्या बर्लंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इमारतींच्या हानीच्या ज्या पायऱ्या ठरवल्या आहेत त्यांत ०.०५ टक्क्यांच्या खाली 'नगण्य', म्हणजे केसासारख्या बारीक रेषा. थोडक्यात, पत्रात लिहिल्याप्रमाणे काम झालं तर तुमच्या घरात रंगकामात झाकली जाईल एवढीच हानी होईल. शिवाय हा हिशेब मोकळ्या जमिनीचा आहे. खरं घर स्वतःच्या ताठपणाने जमिनीच्या वाकण्याला विरोध करतं, त्यामुळे प्रत्यक्षात ताण बहुतेक वेळा याहून कमी मोजला जातो. अपवाद म्हणजे मागाहून जोडलेली न्हाणीघरं, जिने, वाढवलेल्या खोल्या. त्यांचा पाया वेगळा आणि बहुधा उथळ असतो, आणि जुन्या-नव्याचा सांधा सगळ्यात आधी उघडतो. तुमच्याकडे असा सांधा असेल तर आजच त्यावर बोट ठेवा.

आता हाच हिशेब व्हॉल्यूम लॉस २ टक्के धरून करा. सगळं दुप्पट होतं. मध्यरेषेवर ३३ मिमी, तुमच्या भिंतीत ताण ०.०९ टक्के. हानीच्या तक्त्यात तुम्ही दोन पायऱ्या वर चढलात: 'नगण्य' वरून 'किरकोळ', जिथे ५ मिमीपर्यंतचे तडे जातात आणि दारं-खिडक्या अडायला लागतात. घर तरीही पडत नाही, पण राहणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि मशीन चालवणाऱ्या माणसांच्या हाती तो १ टक्का नेमका कसा असतो, हे सांगायला हवं.

रिंगचा बाहेरचा व्यास ६.२ मीटर धरा. म्हणजे कापलेल्या ६.५ मीटरच्या बोगद्यात रिंगभोवती १५ सेंटिमीटरची पोकळी राहते. तिचं क्षेत्रफळ ३ चौरस मीटर, बोगद्याच्या ९ टक्के. ती अजिबात भरली नाही तर व्हॉल्यूम लॉस १ टक्क्याचा ९-१० टक्के होऊ शकतो. म्हणून रिंग शेपटीतून बाहेर पडत असतानाच तिच्यामागे दाबाने ग्राउट, म्हणजे पोकळी भरणारं पातळ मिश्रण, सोडतात. दोन द्रव शेपटीपाशी मिसळतात आणि काही सेकंदांत जेलीसारखे गोठतात. १.४ मीटरच्या रिंगला हिशेबाने ४.२ घनमीटर ग्राउट लागतं, आणि मातीत थोडं जिरतं म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त.

एका शहरातल्या कामावर मी सकाळी दुकानांच्या ओळीसमोरच्या पट्टीची लेव्हल घ्यायला गेलो. आदल्या दिवशी मशीन तिथून गेलं होतं, खचणी १४ मिमी अपेक्षित होती. पट्टी ३१ दाखवत होती. मी दोनदा वाचली, मग शेजारची वाचली, तीही खाली. दुकानदाराने आत बोलावून लिंटेलच्या कोपऱ्यापासून छताकडे तिरकी चढलेली भेग दाखवली. खाली केसाएवढी, वर नखाचं टोक जाईल एवढी. मी पेन्सिलने भेगेच्या टोकाला आडवी रेघ मारली आणि तारीख-वेळ लिहिली. खाली जाऊन रिंगची नोंदवही उघडली. लागोपाठ दोन रिंगांत ग्राउटचा दाब व्यवस्थित नोंदला होता, पण ४ घनमीटरच्या जागी आत गेलं होतं अडीच. नळीचं तोंड चोंदलं होतं. दाब पंपापाशी मोजला जात होता, आणि चोंदलेल्या नळीत दाब चढतोच. दाब चढतोय म्हणून पाळीतल्या माणसाने पोकळी भरली असं मानलं. रिंगमधल्या भोकांतून नंतर ग्राउट भरलं तेव्हा खचणी थांबली, पण १७ मिमी परत आले नाहीत. तेव्हापासून मी दाब आणि आकारमान यांतला एकच आकडा असलेली नोंद स्वीकारत नाही. दाब वर आणि आकारमान खाली, ही जोडी दिसली की खाली काही तरी अडलं आहे.

आता बहूबाजार. तिथे जे झालं ते या पन्हळीच्या गणितात बसतच नाही, आणि तुमची भीती याच फरकामुळे समजण्यासारखी आहे. ३१ ऑगस्ट २०१९ ला ईस्ट-वेस्ट मेट्रोचा बोगदा खणताना मशीनची गाठ पाणी भरलेल्या थराशी पडली, पाणी आणि त्याबरोबर माती बोगद्यात शिरू लागली. दुर्गा पिथुरी लेन आणि स्याकरापाडा लेन या गल्ल्यांतली घरं तडकली, काही कोसळली, शेकडो माणसांना बाहेर काढावं लागलं. शेवटी बोगद्यात भिंत बांधून आत पाणी भरून दाब सम करावा लागला. पुढे मे २०२२ आणि ऑक्टोबर २०२२ मध्येही त्याच परिसरात, मशीन थांबल्यानंतरच्या कामांतून पाणी गळून, पुन्हा घरांना तडे गेले. पन्हळीच्या गणितात माती हळूच दबून किंचित खाली येते. इथे ती वाहून गेली. चिकणमाती पाण्यात उभी राहते, थोडी तरी. पाण्याने भरलेली बारीक वाळू आणि गाळ उभे राहत नाहीत; एकदा वाट मिळाली की पाणी ती रुंदावत जातं आणि वरून पायाखालची जमीन संपते. त्यात १ टक्का की २ टक्के हा प्रश्नच उरत नाही. म्हणून पत्रातला '१५ ते २० मिमी' हा सगळं ठीक चाललं तरचा अंदाज आहे. बहूबाजारची शक्यता त्या आकड्यात धरलेली नाही, ती कामाच्या पद्धतीने टाळायची असते: पुढच्या तोंडाचा दाब, मातीचे नमुने, जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या नळ्या, शेपटीतून पाणी आत येऊ न देणारे ब्रश आणि त्यांतलं ग्रीस.

मशीन सरळ जात असताना जोखीम कमी असते. धोक्याच्या जागा वेगळ्या: मशीन जमिनीत शिरतं आणि बाहेर निघतं ती शाफ्टची, म्हणजे खोल उभ्या खड्ड्यांची, तोंडं, दोन बोगद्यांना जोडणारे आडवे मार्ग, आणि मशीन दुरुस्तीसाठी बराच काळ थांबलेलं ठिकाण. २०२२ च्या दोन्ही घटना अशाच कामांशी जोडलेल्या होत्या. तुमच्या घरापासून अशी एखादी जागा ५० मीटरच्या आत असेल, तर तुमची काळजी पन्हळीसाठी नको, त्या जागेसाठी करा.

म्हणून पत्र देणाऱ्यांना मी तुमच्या जागी असतो तर चार गोष्टी विचारल्या असत्या. पहिली, हा आकडा एका बोगद्याचा की दोन्हींचा? मेट्रोचे बोगदे जोडीने असतात, दुसरा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येतो, दोन्हींच्या पन्हळी एकमेकींवर चढतात, आणि आधी हललेल्या मातीत दुसऱ्याची खचणी बहुधा थोडी जास्तच निघते. दुसरी, व्हॉल्यूम लॉस किती धरला आहे, आणि घराची हानी कोणत्या पायरीत मोजली आहे? तिसरी, आमच्या घरापासून सर्वात जवळचा शाफ्ट किंवा जोडमार्ग कुठे? चौथी, आमच्या भिंतीवरच्या चकत्यांची पहिली मापं केव्हा घेतली? मशीन येण्याच्या काही आठवडे आधीपासून ती घेतलेली हवीत, कारण उन्हा-पावसाने घर एरवीही थोडं हलत असतं. तो श्वास माहीत नसेल तर नंतरच्या मापाचा अर्थ लागत नाही.

मशीन यायच्या आधी स्वतःच्या घराची नोंद करा. प्रत्येक खोलीतल्या जुन्या तड्यांचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरा, टोकांना पेन्सिलची रेघ आणि तारीख. जुनी भेग ओळखता येते: तिच्या आत धूळ आणि जुना रंग असतो, कडा बोथट. नवी भेग आतून स्वच्छ, कडा धारदार. तुमच्या घरात नवं काही झालंच तर ते बाजूच्या, म्हणजे बोगद्याला काटकोनात असलेल्या भिंतींत दिसेल, वरच्या मजल्यावर, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेलं, वर रुंद आणि खाली निमुळतं. तळमजल्यावर खाली रुंद आणि वर निमुळती भेग दिसली तर ती या पन्हळीची नाही. ड्रेनेज फुटून पाया भिजलाय का, ते आधी बघा.

मशीन तुमच्या समोरून जातं त्या दोन-तीन दिवसांत रोजची मापं मागा आणि आकड्यापेक्षा आलेखाकडे बघा. तो उतरेल, मशीनची शेपटी पुढे गेली की एक-दोन दिवसांत सपाट होऊ लागेल. पुढे काही महिने तो अगदी मंद उतरत राहिला तर घाबरू नका. मऊ चिकणमातीतलं पाणी हळूहळू निचरतं आणि ती दबते, आणि ही खचणी रुंद पसरते म्हणून घराला फारशी वाकवत नाही. पण शेपटी ३०-४० मीटर पुढे गेल्यावरही आलेख त्याच उताराने खाली येत असेल, किंवा एका रात्रीत पायरी पडली असेल, किंवा अंगणात, गटाराजवळ गढूळ पाणी झिरपताना दिसलं, तर सकाळची वाट बघू नका. घराबाहेर पडा आणि मग फोन करा.

दुरुस्तीची घाई मात्र करू नका. दुसरा बोगदा गेल्यावर मापं महिनाभर स्थिर राहिली की मगच तडे भरा, नाहीतर तेच तडे पुन्हा उघडतील आणि खर्चाचा वाद वेगळा. सत्तर वर्षांपूर्वीचं घर चुन्यात बांधलेलं असू शकतं. तसं असेल तर तडे सिमेंटने भरू नका, चुन्यानेच भरा. कडक सिमेंटच्या शेजारची मऊ वीट पुढे फुटू शकते. मापांची शेवटची प्रत त्यांच्याकडून लेखी घ्या आणि घराच्या कागदांबरोबर ठेवा. दहा वर्षांनी शेजारच्या प्लॉटवर कोणी तळघर खणायला घेतलं तर त्या वेळच्या अभियंत्याला पहिल्यांदा तोच कागद लागेल.